दोन पैशांचा फरक येतो कुठून?

एका वस्तूची करापूर्वीची किंमत १०७ रुपये आहे. तिच्यावर पाच टक्के जीएसटी, म्हणजे अडीच टक्के केंद्राचा आणि अडीच टक्के राज्याचा. १०७ रुपयांचे अडीच टक्के म्हणजे दोन रुपये साडेसदुसष्ट पैसे. अर्धा पैसा कुणी घेत नाही आणि देतही नाही, त्यामुळे बिलाचा प्रोग्रॅम ही रक्कम राउंड ऑफ करतो. इथवर तक्रारीला जागा नाही. आता हेच गणित पायथन या भाषेत दोन तऱ्हांनी लिहून पाहावे.

```python
>>> round(107 * 0.025, 2)
2.68
>>> round(107 * 2.5 / 100, 2)
2.67
```

पहिल्या ओळीत ०.०२५ ने गुणले आहे. दुसरीत अडीचने गुणून शंभराने भागले आहे. शाळेतल्या मुलाला विचारले तर तो म्हणेल, दोन्ही एकच. कॉम्प्युटरला तसे वाटत नाही. पहिल्या गुणाकाराचे उत्तर त्याच्याकडे २.६७५ पेक्षा किंचित जास्त येते आणि दुसऱ्याचे किंचित कमी. फरक इतका बारीक, की दशांशचिन्हानंतर पंधरा घरांपर्यंत तो दिसतही नाही. पण राउंड ऑफ करताना रक्कम बरोब्बर मधोमध उभी असते, आणि तिथे नखाएवढा धक्काही तिला या किंवा त्या बाजूला पाडायला पुरतो.

समजा, काउंटरवर बिल छापणारा भाग एका प्रोग्रामरने पहिल्या तऱ्हेने लिहिला आणि महिनाअखेरीचा कर-अहवाल दुसऱ्याने दुसऱ्या तऱ्हेने. बिलावर कर लागला २.६८ अधिक २.६८, म्हणजे ५.३६. अहवालात तोच कर ५.३४. सीएच्या हाती दोन्ही कागद गेले, की एका बिलामागे दोन पैशांचा फरक निघतो. अशी पाचशे बिले झाली तर दहा रुपये. दहा रुपयांनी कुणाचे दिवाळे निघत नाही, पण ताळा जुळत नाही. आणि ताळा न जुळण्याचे कारण चोरी आहे, नोंदीतली चूक आहे की निव्वळ गणित आहे, हे शोधण्यात जाणारा वेळ दहा रुपयांहून कितीतरी महाग असतो.

चूक दोघा प्रोग्रामरांपैकी कुणाचीच नाही. अडचण रक्कम साठवण्याच्या पद्धतीत आहे. अपूर्णांक असलेली संख्या कॉम्प्युटर सहसा ‘फ्लोटिंग पॉइंट’ नावाच्या पद्धतीने ठेवतो. १९८५ साली तिचे प्रमाण ठरले, ते आयईईई ७५४. प्रोसेसर कुठल्याही कंपनीचा असो, आज जवळजवळ सगळे तेच पाळतात. ही पद्धत शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांची सोय पाहून बनवलेली आहे. अणूचे वजन आणि सूर्याचे अंतर दोन्ही एकाच साच्यात बसावे, सुरुवातीचे पंधरा-सोळा अंक खरे असावेत, पुढचे नसले तरी चालतील, असा तिचा करार. पुलाच्या तुळईवरचा ताण काढताना सोळावा अंक चुकला तर पूल पडत नाही. हिशेबनीसाचा धंदा वेगळा आहे. त्याला थोड्या आकड्यांची चूकसुद्धा चालत नाही, कारण त्याला उत्तर नुसते जवळपास नको असते, ते समोरच्या वहीशी तंतोतंत जुळायला हवे असते.

या साच्यात सगळे अपूर्णांक दोनाच्या पटीत मोडतात: अर्धा, पाव, आठवा भाग, सोळावा भाग असे. त्यांच्या बेरजेने जे जमेल ते अचूक, बाकीचे अंदाजे. एक दशांश या बेरजेत कधीच पुरा बसत नाही. आपण एक भागिले तीन लिहायला बसलो, की ०.३३३३ चालूच राहते आणि कुठेतरी थांबावे लागते, तशीच गत कॉम्प्युटरची दहा पैशांपाशी होते. तो बावन्नाव्या घरापाशी थांबतो आणि जे हाती लागले ते ठेवतो. म्हणूनच ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करायला सांगितली की पडद्यावर `0.30000000000000004` उमटते. दहा पैसे दहा वेळा मिळवले की एक रुपया व्हायला हवा, तिथे येतो `0.9999999999999999`. ‘ही रक्कम एक रुपयाएवढी आहे का?’ असे प्रोग्रॅमने विचारले, तर उत्तर येते नाही.

शून्य ते नव्याण्णव पैशांतल्या किती रकमा या साच्यात अचूक बसतात? फक्त चार: शून्य, पंचवीस, पन्नास आणि पंचाहत्तर. उरलेल्या शहाण्णव रकमा अंदाजे.

गंमत अशी, की जुन्या आणेवारीच्या हिशेबाला हा साचा चपखल बसला असता. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी येईपर्यंत रुपयाचे सोळा आणे होते आणि आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. सोळा काय, चौसष्ट काय, दोन्ही दोनाच्याच पटी. ‘तीन रुपये सव्वापाच आणे’ ही रक्कम आजच्या कॉम्प्युटरने फ्लोटिंग पॉइंटमध्ये कणाचाही फरक न करता ठेवली असती. (पैशाच्या खाली तीन पै होत्या. तिथे मात्र तीनाने भागायची वेळ येते आणि घोडे पुन्हा अडते.) माणसाला हिशेब सोपा जावा म्हणून शंभर पैसे आले आणि तोच हिशेब यंत्राला अवघड झाला.

फ्लोटिंग पॉइंटचे दोन आकार सर्रास वापरले जातात. वर सांगितलेला मोठा, आठ बाइटचा. दुसरा चार बाइटचा, मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये `FLOAT` लिहिले की मिळतो तो. नवशिके प्रोग्रामर ‘किंमत अपूर्णांकात असते’ एवढा विचार करून रकमेच्या कॉलमला हाच प्रकार देऊन बसतात. याची मजल फार थोडी आहे. रक्कम १,३१,०७२ रुपयांच्या पुढे गेली, की दोन शेजारच्या संख्यांमधले अंतर रुपयाचा चौसष्टावा भाग होते, दीड पैशापेक्षा जरा जास्त. म्हणजे १,५०,०००.०१ रुपये अशी रक्कम तिथे मावतच नाही. सगळ्यांत जवळची संख्या १,५०,०००.०१५६२५, आणि ती राउंड ऑफ केली की दोन पैसे दिसतात. दीड लाखाच्या व्यवहारात हा कॉलम नवे पैसे मोजू शकत नाही. तो १९५७ पूर्वीचे पैसे मोजत बसतो.

बेरजेची तऱ्हा आणखी निराळी. फ्लोटिंग पॉइंटमध्ये बेरीज कोणत्या क्रमाने केली यावर उत्तर ठरते. ०.१, ०.२ आणि ०.३ या तिघांत आधी पहिले दोन मिळवले तर शेवटी येते `0.6000000000000001`. आधी मागचे दोन मिळवले तर `0.6`. मोठ्या टेबलाची बेरीज करताना डेटाबेस काम अनेक भागांत वाटून देतो आणि ज्या भागाचे उत्तर आधी येईल ते आधी मिळवतो. त्यामुळे त्याच ओळी, तीच आज्ञा, आणि सकाळची बेरीज संध्याकाळच्या बेरजेपेक्षा शेवटच्या अंकात वेगळी, असे घडू शकते. यावर काही जण ‘फरक एका पैशाहून कमी असेल तर जुळले असे धरा’ अशी मलमपट्टी करतात. त्याने तक्रारी थांबतात खऱ्या. पण सैलपणा एकदा आत आला की तो वाढत जातो, आणि पुढे खरोखरचा पैसा गहाळ झाला तरी प्रोग्रॅम ‘जुळले’ म्हणतो.

उपाय ऐकायला इतका साधा आहे, की त्यात उपाय कसला असे वाटावे. रुपये ठेवूच नयेत, पैसे ठेवावेत. १०७ रुपये म्हणजे १०,७०० पैसे. २ रुपये ६८ पैसे म्हणजे २६८. अपूर्णांक उरतच नाही, आणि पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी कॉम्प्युटर अचूकच करतो, क्रम कुठलाही असो. दशांशचिन्ह ही फक्त पडद्यावर किंवा कागदावर दाखवताना मांडायची गोष्ट राहते. कल्पना नवी नाही. बँकांमध्ये अजून चालणाऱ्या कोबॉल या भाषेत रकमेचे वर्णन `PIC 9(7)V99` असे लिहितात. त्यातला `V` म्हणजे ‘इथे दशांशचिन्ह आहे असे समजा’. ते साठवले जात नाही, फक्त अंक साठवले जातात. आजही रेझरपेसारख्या भारतीय पेमेंट सेवेला पाचशे रुपये घ्यायला सांगायचे तर रक्कम `50000` अशी द्यावी लागते.

डेटाबेसमधला टेबल मग असा दिसतो:

```sql
CREATE TABLE bill (
  id          bigint PRIMARY KEY,
  total_paise bigint NOT NULL,
  currency    char(3) NOT NULL
);
```

कॉलमच्या नावातच `paise` आहे, हे उगीच नाही. नुसते `total` लिहिले तर चार महिन्यांनी आलेला नवा माणूस ५०००० हा आकडा पन्नास हजार रुपये समजणार. फ्लोटिंग पॉइंटची चूक कणभर असते, ही चूक शंभरपट असते. पैशांत हिशेब ठेवणाऱ्यांचे सगळ्यांत महागडे घोटाळे याच जातीचे. त्यातल्या त्यात बरे एवढेच, की शंभरपट चूक पहिल्याच दिवशी डोळ्यांत भरते.

आता १०७ रुपयांकडे परत जाऊ. किंमत १०,७०० पैसे. कराचा दरही पूर्णांकात ठेवायचा: अडीच टक्के म्हणजे दहा हजारांत अडीचशे. १०,७०० गुणिले २५० म्हणजे २६,७५,०००. त्याला दहा हजाराने भागले, की भागाकार २६७ आणि बाकी ५,०००. बाकी बरोब्बर निम्मी आहे. अर्धा पैसा कुठे लपला नाही, कुठल्या सोळाव्या घरात विरघळला नाही, तो बाकी म्हणून समोर उभा आहे. त्याचे काय करायचे हे आता माणसाने ठरवायचे आणि नियम म्हणून एकदाच लिहायचे. ‘निम्मे किंवा जास्त असेल तर वर’ असा नियम घेतला, तर भागण्याआधी ५,००० मिळवायचे:

```python
def kar(paise, dar):
    return (paise * dar + 5000) // 10000

kar(10700, 250)   # 268
```

बिलही हेच सूत्र वापरते, अहवालही हेच. केंद्राचा २६८, राज्याचा २६८, एकूण ५३६. कुणी म्हणेल, १०७ चे पाच टक्के तर ५३५ पैसे होतात! बरोबर आहे. दोन भाग वेगवेगळे राउंड ऑफ केले, की एक पैसा वर जाणारच. पूर्णांकाने राउंड ऑफ करण्याचा प्रश्न मिटत नाही. तो कधी, कुठे आणि कोणत्या नियमाने होतो, हे मात्र उघड होते. जीएसटी कायद्याच्या कलम १७० मध्ये भरायच्या कराची रक्कम जवळच्या रुपयापर्यंत आणायचा नियम आहे: पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया, कमी असतील तर सोडून द्यायचे. असा नियम पाळायचा तर रक्कम पन्नास पैसे आहे की एकोणपन्नास, हे आधी निर्विवाद ठरावे लागते.

पैशांचा कॉलम करूनही हमखास फसगत होते ती दारातच. ग्राहकाने किंवा कॅशियरने पडद्यावर 19.99 टाइप केले. प्रोग्रॅम ते आधी फ्लोटिंग पॉइंटमध्ये घेतो, शंभराने गुणतो आणि पुढचे कापून पूर्णांक करतो.

```python
>>> int(19.99 * 100)
1998
```

एक पैसा गेला, तोही साठवण्याआधीच. डेटाबेस कितीही नेटका असला तरी आता काही उपयोग नाही. योग्य वाट अशी, की टाइप केलेला मजकूर मजकूर म्हणूनच घ्यावा, टिंबाच्या अलीकडचे रुपये आणि पलीकडचे पैसे वेगळे काढावेत, पैशांना दोनच अंक आहेत ना हे तपासावे (‘१९.९’ म्हणजे नऊ पैसे नव्हे, नव्वद पैसे) आणि मग पूर्णांकात जोडावे. एखाद्या प्रणालीत ही फट आहे का, हे पाहायला मोठी परीक्षा लागत नाही. १९.९९, ४.३५ आणि १.१५ या तीन रकमा भरून त्या तशाच परत येतात का ते पाहिले, तरी बरेच कळते. तिन्ही शंभराने गुणल्यावर थोड्या कमी पडणाऱ्या आहेत.

व्याजाच्या हिशेबात पूर्णांक एकटे पुरत नाहीत. बचत खात्यावरचे व्याज १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकेवर मोजले जाते. खात्यात वर्षभर दहा हजार रुपये पडून आहेत आणि दर तीन टक्के आहे असे धरू. वर्षाचे व्याज तीनशे रुपये. रोजचे व्याज ८२.१९ पैसे. एखाद्याने रोजचे व्याज रोज पूर्ण पैशात बसवून साठवले, तर रोज ८२ पैसे जमा होतील आणि वर्षाअखेर भरतील २९९ रुपये ३० पैसे. सत्तर पैसे कमी. इथे फ्लोटिंग पॉइंटचा काडीचाही संबंध नाही. सगळे आकडे पूर्णांक, तरी उत्तर चुकले, कारण राउंड ऑफ ३६५ वेळा झाले.

जुने बँक कारकून लेजरवर ‘प्रॉडक्ट’ काढत: शिल्लक गुणिले दिवस. सगळ्या प्रॉडक्टची बेरीज झाली, की दर शेवटी एकदाच लावत. तीच रीत इथे लागते. १०,००,००० पैसे गुणिले ३६५ दिवस म्हणजे ३६,५०,००,०००. हा पूर्णांक साठवायचा. व्याज जमा करायच्या दिवशी तीनने गुणायचे, ३६,५०० ने भागायचे, आणि येतात ३०,००० पैसे, म्हणजे पुरे तीनशे रुपये.

बारीक काटछाट पुन्हा पुन्हा केली की काय होते, याचा धडा कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराने घेतला आहे. तिथला निर्देशांक जानेवारी १९८२ मध्ये एक हजारावर सुरू झाला. प्रत्येक सौद्यानंतर तो नव्याने काढला जाई, आणि तिसऱ्या दशांश घरापुढचे अंक राउंड ऑफ न करता सरळ कापले जात. कापणे नेहमी खालच्याच दिशेला. दिवसाला हजारो वेळा हे होत राहिले आणि बाजार तेजीत असताना निर्देशांक घसरत घसरत नोव्हेंबर १९८३ मध्ये ५२४.८११ वर आला. नव्याने हिशेब केला तेव्हा आकडा निघाला १०९८.८९२.

मग पैसा हे सगळ्यात लहान एकक सगळीकडे पुरते का? नाही. लिक्विड फंडाची एनएव्ही चार दशांश घरांपर्यंत जाहीर होते. डॉलरचा भावही असाच. दर आणि भाव यांच्यासाठी आणखी बारीक एकक घ्यावे, उदाहरणार्थ पैशाचा शंभरावा भाग, आणि व्यवहाराची रक्कम ठरताना एकदाच पैशात आणावे. परदेशी चलनांत शंभराचा हिशेबही खरा नसतो. जपानच्या येनला व्यवहारात सुटे एककच नाही. मस्कत किंवा कुवेतला नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला ठाऊक असते, की ओमानच्या रियालचे हजार बैसा होतात आणि कुवेतच्या दिनारचे हजार फिल्स. १२,३४५ बैसा म्हणजे १२.३४५ रियाल. शंभराने भागायची सवय झालेला प्रोग्रॅम ते १२३.४५ दाखवतो, दहापट. कोणत्या चलनाला किती दशांश घरे, याची यादी आयएसओ ४२१७ या प्रमाणात मिळते. वरच्या टेबलात `currency` हा कॉलम त्यासाठीच आहे.

पूर्णांकाचा आकारही पाहून घ्यावा. चार बाइटच्या साध्या पूर्णांकात जास्तीत जास्त २,१४,७४,८३६ रुपये ४७ पैसे मावतात. मुंबईतल्या अनेक फ्लॅटची किंमत त्यात बसायची नाही. म्हणून आठ बाइटचा `bigint`. जावास्क्रिप्टमध्ये साधी संख्या ही मुळात फ्लोटिंग पॉइंटच असल्याने तिथे मर्यादा अलीकडे येते, पण ती सुमारे नव्वद लाख कोटी रुपयांवर आहे. तेवढी चिंता किराणा दुकानाने करू नये.

डेटाबेसवाले इथे म्हणतील, आमच्याकडे `DECIMAL` आहे, तो अचूकच असतो. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसमध्ये ते खरे आहे, आणि ज्यांनी तो निवडला त्यांनी काही वाईट केले नाही. पण रक्कम डेटाबेसमध्ये बसून राहत नाही. ती तिथून निघून मोबाइल ॲपमध्ये जाते, ब्राउझरमध्ये जाते, आणि वाटेत कुणीतरी तिला फ्लोटिंग पॉइंट करून टाकतो. शिवाय अँड्रॉइड फोनवर उधारीच्या वह्या सांभाळणारी ॲप बहुधा एसक्यूलाइट वापरतात. तिथे कॉलमपुढे `DECIMAL(10,2)` लिहिले तरी ते दिखाऊच. अपूर्णांक आत फ्लोटिंग पॉइंट म्हणूनच साठतो. पूर्णांक मात्र एसक्यूलाइटमध्येही पूर्णांकच राहतो.

जुना टेबल बदलायचा असेल, तर आधी नवा कॉलम जोडून भरावा आणि जुना तसाच ठेवावा. पण त्याही आधी एक गोष्ट पाहावी: जुन्या कॉलममध्ये पैशाचे तुकडे पडलेले आहेत का? पोस्टग्रेसमध्ये हे असे विचारता येते:

```sql
SELECT id, total FROM bill
WHERE total::numeric * 100
   <> round(total::numeric * 100);
```

सोळाव्या घरातला कचरा या रूपांतरात आपोआप झडतो. जे उरते ते खरे अर्धेमुर्धे पैसे: कुणीतरी राउंड ऑफ न करताच साठवलेले २.६७५ सारखे आकडे. या ओळी प्रोग्रामरने आपल्या मनाने वर-खाली करू नयेत. छापलेल्या बिलावर ग्राहकाने काय मोजले, हे पाहून हिशेबनीसाने एकेक ओळ ठरवून द्यावी, आणि नव्या कॉलमची बेरीज छापील बिलांच्या बेरजेशी जुळेपर्यंत जुना कॉलम पुसू नये.